वडिलांनंतर चार महिन्यांनी आजी वारली. वारस दाखल्याच्या शपथपत्रात तिचे नाव घालायचे का?

ओसरीवरून:

नमस्कार. माझे वडील ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यात वारले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. निदान आम्हाला कपाटात, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा त्यांच्या मित्रांकडे तसे काही मिळालेले नाही. मागे माझी आई, मी, धाकटा भाऊ आणि धाकटी बहीण आहोत. थोरली बहीण २०१७ मध्येच गेली. तिची मुलगी आता १४ वर्षांची आणि मुलगा ११ वर्षांचा असून दोघेही मेहुण्यांकडे असतात. आजोबांना जाऊन फार वर्षे झाली, पण वडील गेले तेव्हा आजी हयात होती. तिने मुलाचे दिवस घातलेले पाहिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये तीही गेली. वडिलांना एक भाऊ व एक बहीण आहे, म्हणजे माझे काका आणि आत्या.

मिळकत तीन प्रकारची आहे. पुण्यात सोसायटीतला एक फ्लॅट एकट्या वडिलांच्या नावावर असून त्यात नॉमिनी म्हणून माझे नाव आहे. एका राष्ट्रीयीकृत बँकेत व्याजासह सुमारे ११ लाखांची मुदत ठेव आहे, तिला नॉमिनी नाही. शिवाय सातारा जिल्ह्यात वडिलांनी नोकरीच्या पैशातून विकत घेतलेली सव्वा एकर जमीन आहे.

सोसायटीने वारस दाखला मागितला, म्हणून मी कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका टंकलेखकाकडे गेलो. त्यांनी दहा मिनिटांत शपथपत्राचा मसुदा करून दिला. त्यातले मुख्य वाक्य असे आहे: ‘वरील मयत यांना आज रोजी खालीलप्रमाणे चार वारस हयात असून त्यांच्याव्यतिरिक्त अन्य कोणीही वारस नाहीत.’ त्याखाली आई, मी, भाऊ आणि बहीण अशी चार नावे आहेत. मी आजीचे आणि थोरल्या बहिणीचे विचारले, तेव्हा ‘गेलेल्या माणसांची नावे घालून घोळ कशाला वाढवता?’ असे ते म्हणाले. सही करण्याआधी येथे विचारावे असे वाटले. यादी बरोबर आहे का, आणि तीन मिळकतींसाठी एकच दाखला पुरेल का?

पाटीलवाडा:

आपल्याला दाखल्याची गरजच नाही, असे माझे मत आहे. फ्लॅटला आपण नॉमिनी आहात, त्यामुळे सोसायटीने भागपत्र आपल्या नावावर करून द्यायला हवे. नॉमिनी नेमायचा तो कशासाठी? टंकलेखकांची यादीही व्यवहाराला धरून आहे. आजी वारस होत्या हे मान्य, कारण हिंदू माणसाच्या मिळकतीत आईलाही हिस्सा असतो. पण त्या आता नाहीत, तेव्हा त्यांचा हिस्सा परत वडिलांच्याच घरात, म्हणजे आपल्याकडे येणार. मग काका-आत्यांना मध्ये आणून दुखणे का ओढवून घ्यायचे?

शिरस्तेदार_निवृत्त:

दिवाणी न्यायालयाच्या कार्यालयात माझी अठ्ठावीस वर्षे गेली. वारसाचे किरकोळ अर्ज त्यातली निम्मी वर्षे माझ्या टेबलावरून जात असत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ओसरीवरून, आपण त्या मसुद्यावर सही केली नाहीत हे फार बरे झाले.

त्या वाक्यातले ‘आज रोजी’ हे दोन शब्द सगळा घोटाळा करतात. वारस कोण, हे अर्ज करण्याच्या दिवशी ठरत नाही. ते माणूस गेला त्या क्षणी ठरते. ऑगस्टमध्ये आपले वडील गेले तेव्हा हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ च्या कलम ८ प्रमाणे वर्ग एकचे जे वारस हयात होते, त्यांच्यात मिळकतीचे हिस्से त्याच क्षणी पडले. त्या दिवशी आजी हयात होत्या आणि मयताची आई ही वर्ग एकची वारस आहे. मयताचे वडील मात्र वर्ग दोनमध्ये येतात. बरेच लोक येथे गल्लत करतात आणि आई-वडील दोघांनाही सरसकट वगळतात. डिसेंबरमध्ये आजी वारल्या तेव्हा त्यांचा हिस्सा नाहीसा झाला नाही. तो त्यांची मिळकत म्हणून त्यांच्या वारसांकडे गेला.

दुसरी चूक थोरल्या बहिणीच्या मुलांची आहे. त्या वडिलांच्या आधी वारल्या, म्हणून त्या स्वतः वारस नाहीत, हे टंकलेखकांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे. पण पूर्वमृत मुलीची मुले ही वर्ग एकची वारस आहेत आणि आईच्या वाट्याचा एक हिस्सा ती दोघे मिळून घेतात. आपल्या मेहुण्यांना मात्र सासऱ्यांच्या मिळकतीत हिस्सा नाही. ते कागदावर येतील ते फक्त अज्ञान मुलांचे पालक म्हणून.

म्हणजे वडिलांच्या मृत्यूच्या दिवशी सहा हिस्से झाले: आपली आई, आपण, भाऊ, बहीण, आजी, आणि थोरल्या बहिणीची दोन्ही मुले मिळून एक. प्रत्येकी एक षष्ठांश, आणि भाचीला व भाच्याला त्यातला अर्धा अर्धा, म्हणजे एक बारांश.

आता आजींच्या एक षष्ठांशाकडे पाहू. पाटीलवाडा म्हणतात त्याप्रमाणे तो परत आपल्या घरात येत नाही, किंवा फार तर तिसऱ्या वाट्याने येतो. हिंदू स्त्रीच्या मिळकतीला त्याच अधिनियमातील कलम १५ लागते. पतीसह तिची मुले व मुली, आणि आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुले हे पहिले वारस. आजोबा नाहीत. तेव्हा त्या एक षष्ठांशाचे तीन भाग होतील: काकांचा एक, आत्यांचा एक आणि आपल्या वडिलांच्या शाखेचा एक. शाखेचा भाग आपण तिघे भावंडे वाटून घ्याल. आपल्या आईला सासूच्या या हिश्श्यात काही मिळत नाही, कारण आधी वारलेल्या मुलाची विधवा त्या ओळीत नाही.

सगळे ५४ च्या मापात मांडले की चित्र स्वच्छ दिसते. आईचे ९ भाग. आपण, भाऊ आणि बहीण यांचे प्रत्येकी १०. भाचा-भाची मिळून ९. काकांचे ३ आणि आत्यांचे ३. बेरीज ५४. ‘घोळ कशाला वाढवता’ म्हणून वगळलेल्या माणसांचा वाटा ५४ पैकी १५, म्हणजे सव्वाचार आण्यांहून अधिक आहे.

ही सर्व आकडेमोड वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत धरून आहे. जमीन वडिलोपार्जित असती तर आधी वडिलांचा हिस्सा किती, हा वेगळाच प्रश्न उभा राहिला असता. खरेदीखत जपून ठेवा, ते दाखवावे लागेल.

मुग्धा_का:

शिरस्तेदार काका, तुमचे वाचून मला धक्काच बसला, कारण आमच्याकडे याच्या उलट सांगितले गेले. माझीही बहीण वारली आहे आणि आमच्या वकिलांनी तिच्या नवऱ्याचे नावही वडिलांच्या वारसांत घातले. म्हणजे त्यांनी चूक केली का? की ओसरीवरून यांच्या मेहुण्यांनाही हिस्सा द्यावा लागेल?

शिरस्तेदार_निवृत्त:

मुग्धाताई, आपली बहीण वडिलांच्या आधी वारली की नंतर, एवढेच सांगा.

मुग्धा_का:

नंतर. वडील २०१९ ला गेले, ताई २०२१ ला.

शिरस्तेदार_निवृत्त:

मग आपल्या वकिलांनी योग्य केले. वडील गेले त्या दिवशी ताई हयात होत्या, म्हणून हिस्सा त्यांना मिळाला. पुढे त्या वारल्यावर तो त्यांच्या पतीला आणि मुलांना मिळून गेला. ताईंना मूल नसते तर मात्र चित्र बदलले असते, कारण वडिलांकडून आलेली मिळकत अशा वेळी पतीकडे न जाता वडिलांच्या वारसांकडे परत जाते. ओसरीवरून यांची बहीण वडिलांच्या आधी गेली, म्हणून त्यांच्या मेहुण्यांना हिस्सा नाही. नाती तीच असली तरी मृत्यूचा क्रम बदलला की यादी बदलते. म्हणूनच आमच्याकडे अर्ज आला की मी पहिल्यांदा सगळे मृत्यूचे दाखले टेबलावर तारखेच्या क्रमाने लावत असे, वंशावळ नंतर वाचत असे.

पाटीलवाडा:

हिश्श्यांबाबत माझी समजूत अपुरी होती, हे मान्य करतो. पण नॉमिनीचे काय? तो मुद्दा कोणी खोडला नाही.

सदाफुली:

मी एका गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे, म्हणून हे मी सांगते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५४ब-१३ आता आम्हाला लागते. त्याप्रमाणे सदस्य वारल्यावर मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा हक्कदारांनी केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांच्या आधारे हस्तांतर होते. नॉमिनीला आम्ही तात्पुरता सदस्य म्हणून घेऊ शकतो, त्याने मालकी येत नाही. नॉमिनी म्हणजे सर्वांच्या वतीने सांभाळणारा, हे विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलेले आहे. पाटीलवाडा यांच्याप्रमाणेच आमच्या समितीतल्या दोन सदस्यांचाही अजून विश्वास बसलेला नाही. दर वार्षिक सभेत हा वाद एकदा होतोच.

ओसरीवरून:

सर्वांचे आभार. शिरस्तेदार साहेब, आकडे वाचून आधी छातीत धस्स झाले, पण आता निदान खरे काय ते कळले. तीन मिळकतींसाठी कोणता कागद कुठून घ्यायचा, आणि शपथपत्राचा मजकूर कसा असावा, हे सांगाल का?

शिरस्तेदार_निवृत्त:

आधी बँक, कारण ते सर्वांत सोपे आहे. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मृत खातेदारांच्या दाव्यांविषयी नवे निर्देश काढले. त्यांप्रमाणे नॉमिनी नसलेल्या खात्यावरील दावा व्यावसायिक बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत असेल, तर न्यायालयाच्या प्रमाणपत्राचा आग्रह न धरता साध्या कागदपत्रांवर, वारसांच्या नुकसानभरपाईच्या हमीवर रक्कम द्यायची असते. आपली ११ लाखांची ठेव त्यात बसते. मात्र तेथेही वारसांची यादी लागते आणि तीही सहा हिश्श्यांचीच द्यावी लागेल. रक्कम मर्यादेबाहेर असती, तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ च्या कलम ३७२ खाली उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी, म्हणजे बोलीतल्या सक्सेशनसाठी, अर्ज करावा लागला असता. सक्सेशन फक्त येणी आणि रोख्यांना लागू होते, घर-जमिनीला नाही. न्यायालयीन शुल्कही रकमेप्रमाणे अर्जासोबतच जमा करावे लागते. म्हणून सर्वच कामांना सक्सेशन काढायला धावू नये.

जमिनीसाठी न्यायालयात जाण्याची गरज नाही. गावच्या तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारस नोंदीचा अर्ज द्या. तो प्रथम गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत चढतो, मंडळ अधिकारी चौकशी करून वारस कायम करतात, मग फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकत नसल्यास फेरफार प्रमाणित होऊन सातबारावर नावे येतात. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे ही वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. ती मुदत आपली गेली, पण त्याने हक्क जात नाही.

उरला फ्लॅट. त्यासाठी १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली वारस दाखला मागावा लागेल. विनियम कंपनी सरकारच्या काळातला असला तरी आजही त्याच्याच आधारे अर्ज होतात. वडिलांचे कायमचे वास्तव्य पुण्यात होते, म्हणून अर्ज पुण्याच्या दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या न्यायालयात. न्यायालय हरकती मागवणारी जाहीर नोटीस काढते, तिची मुदत साधारण एक महिन्याची असते आणि ती बहुधा वर्तमानपत्रातही छापावी लागते. कोणी हजर झाले नाही तर अर्जदाराचे पुराव्याचे शपथपत्र, मूळ कागदांची पडताळणी आणि मग आदेश. कोणी हरकत घेतली तर तो वादाचा अर्ज होतो आणि पुढे किती वर्षे लागतील हे मी सांगू शकत नाही.

आता मजकूर. आपल्या प्रकरणासाठी मी असा लिहीन. रिकाम्या जागा आपण भराव्यात.

‘मी, ______, वय ___ वर्षे, धंदा ______, राहणार ______, सत्यप्रतिज्ञेवर खालीलप्रमाणे लिहून देतो:

१. माझे वडील कै. ______ हे दिनांक __ ऑगस्ट २०२४ रोजी पुणे येथे मयत झाले. मृत्यूसमयी त्यांचे कायमचे वास्तव्य ______ येथे होते. मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे.

२. मयत हे हिंदू होते. त्यांनी मृत्युपत्र केल्याचे शोध घेऊनही आढळून आलेले नाही.

३. मयताच्या मृत्यूसमयी त्यांचे खालील वारस हयात होते: अ) पत्नी ______, आ) मुलगा ______, म्हणजे मी स्वतः, इ) मुलगा ______, ई) मुलगी ______, उ) आई ______, ऊ) दिनांक ______ २०१७ रोजी मयत झालेली मुलगी ______ हिची मुलगी ______, वय १४, व मुलगा ______, वय ११, दोघेही अज्ञान, अज्ञान पालक वडील ______.

४. वरील उ) येथे नमूद केलेल्या मयताच्या आई या मयताच्या पश्चात दिनांक __ डिसेंबर २०२४ रोजी मयत झाल्या. त्यांचे पती, म्हणजे मयताचे वडील, हे त्यापूर्वीच मयत झालेले आहेत. त्यांच्या मागे मुलगा ______, मुलगी ______ आणि त्यांच्या आधी मयत झालेला मुलगा, म्हणजे प्रस्तुतचे मयत, यांची आ), इ) व ई) येथील मुले असे वारस आहेत.

५. मयताच्या मृत्यूसमयी वरील तिसऱ्या परिच्छेदात नमूद व्यक्तींखेरीज मयताचा वर्ग एकचा अन्य कोणीही वारस हयात नव्हता.

६. मयताचे नाव मृत्यूच्या दाखल्यात ______ असे, सातबारा उताऱ्यात ______ असे आणि भागपत्रात ______ असे नमूद आहे. या तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे.

७. यापूर्वी याच कारणासाठी कोणत्याही न्यायालयात अर्ज केलेला नाही व असा कोणताही अर्ज प्रलंबित नाही.

परिच्छेद १, ३, ४ व ७ मधील मजकूर माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे खरा आहे. परिच्छेद २, ५ व ६ मधील मजकूर कागदपत्रांवरून व घेतलेल्या चौकशीवरून मी खरा समजतो.’

पाचव्या परिच्छेदात ‘मृत्यूसमयी’ हा शब्द मुद्दाम पुन्हा घातला आहे, तो काढू नका. दुसऱ्यात ‘मृत्युपत्र नाही’ असे छातीठोक न लिहिता ‘आढळून आलेले नाही’ असे लिहिले आहे, कारण आपल्याला माहीत असते ते एवढेच. नावभेदाचा परिच्छेद लोक गाळतात आणि मग कागद त्यावरच अडतो: सातबारावर घरगुती नाव, आधारवर पूर्ण नाव आणि मृत्यूच्या दाखल्यात रुग्णालयाने लिहिलेले तिसरेच. शेवटचे सत्यापनही सरसकट ‘माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे’ असे उरकू नये. कोणता मजकूर स्वतःच्या माहितीचा आणि कोणता ऐकीव, हे वेगळे सांगणे अपेक्षित असते, आणि उलटतपासाची वेळ आली तर तेच आपल्याला सांभाळते.

पाटीलवाडा:

शपथपत्र किती रुपयांच्या स्टॅम्पवर? आता १०० चा चालत नाही म्हणतात.

सदाफुली:

ऑक्टोबर २०२४ पासून प्रतिज्ञापत्राचे मुद्रांक शुल्क ५०० रुपये झाले आहे. पण शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला २००४ च्या आदेशाने शुल्क माफ आहे, ते साध्या कागदावर चालते. सोसायटीला द्यायचे असेल तर ही माफी लागू नाही, तेथे ५०० चाच लागेल. सेतू केंद्राच्या दाराशी स्टॅम्प विकणारे हा फरक कधी सांगत नाहीत.

नदीकाठचा_वाडा:

मी वकिली करतो. शिरस्तेदार साहेबांच्या यादीशी मी सहमत आहे, पण एका गोष्टीवर माझे मत थोडे वेगळे आहे. जमिनीच्या वारस नोंदीत वडिलांचे आणि आजींचे वारस एकाच अर्जात व एकाच फेरफाराने चढवू नयेत. आधी वडिलांच्या मृत्यूचा फेरफार होऊन त्यात आजींचे नाव सातबारावर यावे, मग आजींच्या मृत्यूचा दुसरा फेरफार व्हावा. माझ्या एका पक्षकाराचा एकत्रित अर्ज मंडळ अधिकाऱ्यांनी चार महिन्यांनी ‘दोन मयतांचे वारस एकत्र दाखविले आहेत’ एवढा शेरा मारून परत पाठवला होता.

शिरस्तेदार_निवृत्त:

महसुलाचे आपण म्हणता ते ठीक असेल, मी न्यायालयाच्या बाजूचा माणूस. न्यायालयात मात्र एकाच अर्जात दोन्ही मृत्यू दाखवलेले आणि काका-आत्यांना सामनेवाले केलेले मी पुष्कळ पाहिले आहेत.

नदीकाठचा_वाडा:

एकत्रित फेरफार मंजूर झालेलीही गावे आहेत, हे मान्य करावे लागेल. तालुक्यागणिक रीत बदलते. म्हणून अर्ज देण्याआधी त्याच सजाच्या तलाठ्यांना तोंडी विचारून घ्या. आणखी एक धोका सांगतो. काका-आत्या ‘आम्हाला नको’ म्हणाले, तर त्यांच्याकडून साध्या स्टॅम्पवर ‘आमचा हक्क नाही’ असे लिहून घेऊन काम भागवू नका. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्रच लागते. भाचा-भाचीच्या बाबतीत तर तेही चालणार नाही. अज्ञानाच्या हिश्श्याचे हक्कसोड त्याचा बाप परस्पर करून देऊ शकत नाही. पुढे फ्लॅट विकायचा झाला तरी १९५६ च्या अज्ञान व पालकत्व अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल. भाची चार वर्षांत सज्ञान होईल, भाचा सात वर्षांत. खरेदीदार मिळाला आहे आणि घाई आहे अशी परिस्थिती असेल, तर हे आताच विचारात घ्या.

मुग्धा_का:

समजा कोणी नाव लपवून दाखला काढलाच, तर काय होते? आमच्या नात्यात एकांनी असे केले आहे आणि आजवर काही झालेले नाही.

शिरस्तेदार_निवृत्त:

आजवर झालेले नाही, एवढेच म्हणता येते. महत्त्वाची गोष्ट लपवून सक्सेशन मिळवले असेल तर ते कलम ३८३ खाली रद्द होऊ शकते. वारस दाखल्यानेही मालकीचा निकाल लागत नाही, वगळलेला वारस दिवाणी दावा लावू शकतो. शिवाय न्यायालयातील खोट्या शपथपत्रासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम २२९ आहे. माझ्या डोळ्यांसमोरचे एक प्रकरण सांगतो. दाखला मिळाला, फ्लॅट विकला गेला, आणि तीन वर्षांनी खरेदीदार बँकेत कर्जासाठी गेला तेव्हा बँकेच्या वकिलांनी विक्रेत्याच्या आईच्या मृत्यूची तारीख विचारली. दाखल्यात ती कोठेच नव्हती. अर्ज पुन्हा आमच्याच टेबलावर आला.

पाटीलवाडा:

मग अर्जात आत्ताच सगळी मिळकत घालावी, असेही दिसते. नंतर आणखी एखादी ठेव सापडली तर परत पहिल्यापासून सुरुवात?

शिरस्तेदार_निवृत्त:

सक्सेशनच्या बाबतीत तसे नाही. मागाहून सापडलेल्या येण्यांसाठी कलम ३७६ खाली त्याच प्रमाणपत्राचा विस्तार मागता येतो.

ओसरीवरून:

पंधरा दिवसांनी लिहितो आहे. टंकलेखकांचा मसुदा फाडून टाकला आणि शिरस्तेदार साहेबांच्या मजकुरावर वकिलांकडून अर्ज तयार करून घेतला. तलाठ्यांना विचारले, त्यांनी दोन फेरफारच सांगितले, म्हणून तेथे आधी फक्त वडिलांच्या वारसांचा अर्ज दिला आहे. त्या यादीत पाचव्या क्रमांकावर आजीचे नाव आहे आणि पुढच्या रकान्यात ‘मयताच्या मृत्यूसमयी हयात’ असे लिहिले आहे. बँकेने कागद ठेवून घेतले. भाचा-भाचीच्या वाट्याची रक्कम त्यांच्या नावाने खाते उघडून त्यात भरू, असे सांगितले.

काकांकडे मी स्वतः गेलो. यादी वाचून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘फ्लॅटचे मला काही नको, पण आईच्या नावावर तेवढे दिवस का होईना जमीन होती, तर सातबारावर तिचे नाव एकदा येऊ दे.’ हक्कसोडपत्र फ्लॅटपुरते करायला ते तयार आहेत, जमिनीचे पुढे बघू म्हणाले. आत्या मात्र विचारून सांगते म्हणाल्या आणि त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. त्यांना सामनेवाले म्हणून नोटीस जाईल, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले आहे. वकिलांनी अर्ज सोमवारी दाखल केला, पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे.